फाशीच्या तराजूतले रिकामे पारडे

‘दुर्मिळातील दुर्मीळ’ हे तत्त्व कागदावर आहे. पण आरोपीच्या बाजूचा पुरावा गोळाच केला नाही, तर न्यायालय तोलणार काय? नाशिकच्या एका खटल्याने हा प्रश्न कायमचा नोंदवून ठेवला आहे.

३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाशिक जिल्ह्यातील एका खटल्यात सहा जणांना फाशी सुनावली. जून २००३ मध्ये शेतातल्या झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला होता. पाच जणांचा जीव गेला, एका अल्पवयीन मुलीवर आणि एका महिलेवर बलात्कार झाला. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही आरोपींना फाशी दिली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. राज्य सरकार अपिलात गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही शिक्षा वाढवून फाशी केली. तर्क सरळ होता. गुन्हा इतका अमानुष आहे की माणसामाणसांत फरक करायला जागाच नाही.

दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच सर्वोच्च न्यायालयाने त्याच सहा जणांना निर्दोष मुक्त केले. त्यांची शिक्षा कमी केली नाही, तर त्यांच्यावरचा दोषच काढून टाकला.

फाशीवरची आपली चर्चा बहुधा ‘हवी की नको’ यावरच अडकते. मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. फाशी द्यायची की नाही हे न्यायालय ठरवते कसे, आणि ठरवताना त्याच्या टेबलावर नेमके काय असते?

नियम काय सांगतो?

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने एक मोठा बदल केला. खुनासाठी जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद ठरला. फाशी द्यायची तर न्यायाधीशाने ‘विशेष कारणे’ लिहिली पाहिजेत, असे कलम ३५४(३) मध्ये आले. आज हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९३(३) मध्ये आहे. दुसरा बदलही तितकाच मोलाचा होता. दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेवर स्वतंत्र सुनावणी घेण्याची तरतूद झाली. म्हणजे ‘याने केले का’ हा एक प्रश्न आणि ‘याला काय शिक्षा द्यायची’ हा दुसरा.

‘विशेष कारणे’ म्हणजे काय, याचे उत्तर १९८० मध्ये बचन सिंग खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दिले. फाशीची शिक्षा घटनात्मक आहे, असे चार विरुद्ध एक अशा बहुमताने ठरले. न्या. भगवती यांचे मत वेगळे होते. पण बहुमतानेही फाशीचे दार जवळजवळ बंद केले आणि एक फट ठेवली. जन्मठेपेचा पर्याय ‘निर्विवादपणे बंद’ झाला असेल अशा दुर्मिळातील दुर्मीळ प्रकरणातच फाशी द्यावी, असे त्यांनी सांगितले.

त्या निकालातली एक गोष्ट बातम्यांत फारशी येत नाही. न्यायालयाने केवळ गुन्ह्याकडे नव्हे, तर गुन्हेगाराकडेही पाहायला सांगितले. गुन्ह्याचे गांभीर्य वाढवणाऱ्या बाबी एका बाजूला: पूर्वनियोजित कट, टोकाची क्रूरता, कर्तव्यावरील पोलिसाचा किंवा सैनिकाचा खून. शिक्षा सौम्य करू शकणाऱ्या बाबी दुसऱ्या बाजूला: आरोपीचे वय, गुन्ह्याच्या वेळची मानसिक अवस्था, दुसऱ्याच्या दबावाखाली केलेले कृत्य, पुन्हा हिंसा न करण्याची आणि सुधारण्याची शक्यता. ही यादी ज्येष्ठ वकील डॉ. य. शं. चितळे यांनी सुचवली होती आणि न्यायालयाने तिचे स्वागत केले. यादी बंदिस्त नाही, सौम्य करणाऱ्या बाबींचा अर्थ उदारपणे लावावा, असेही बजावले.

यादीतली सुधारणेची बाब सर्वात महत्त्वाची. आरोपी सुधारू शकतो हे आरोपीने सिद्ध करायचे नाही. तो सुधारू शकत नाही, तो समाजाला कायमचा धोका आहे, हे सरकारने पुराव्यानिशी दाखवायचे. हे वाक्य १९८० पासून निकालात आहे. सत्र न्यायालयांनी ते प्रत्यक्षात पाळले असते, तर पुढची अर्धी कहाणी लिहावी लागली नसती.

मग घसरण कुठे झाली?

तीन वर्षांनी, १९८३ मध्ये, मच्छी सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने खालच्या न्यायालयांना वापरायला सोपे जावे म्हणून पाच प्रकार दिले. खून कसा केला, हेतू काय होता, गुन्ह्याचे समाजविघातक स्वरूप, बळींची संख्या आणि बळी कोण होता, म्हणजे बालक, असहाय महिला, वृद्ध वगैरे. पाचही प्रकार गुन्ह्याचे आहेत, गुन्हेगाराचा त्यात एकही नाही. निकालात पुढे सौम्य करणाऱ्या बाबींना पूर्ण वजन देऊन ताळेबंद मांडा, असे लिहिले आहे, हे खरे. पण पाच खाने समोर असले की माणूस आधी खानेच भरतो. शिवाय या निकालात ‘समाजाच्या सामूहिक सदसद्विवेकाला धक्का’ हा शब्दप्रयोग आला आणि तो पुढे फाशीच्या निकालांचा जणू ठसा झाला. समाजाचा सदसद्विवेक मोजायचे यंत्र कोणाकडे नाही. तो मोजला जातो तो वर्तमानपत्रांच्या मथळ्यांवरून आणि कोर्टाबाहेरच्या मोर्च्यांवरून, हे पत्रकार म्हणून आम्हालाही ठाऊक आहे.

१९९५ मध्ये राजस्थानच्या रावजी खटल्यात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने याच्याही पुढची पायरी गाठली. शिक्षा ठरवताना गुन्ह्याचे स्वरूप पाहायचे, गुन्हेगार नव्हे, असे या निकालाचे सार होते. बचन सिंगच्या घटनापीठाने सांगितले त्याच्या हे थेट उलट. दोन न्यायमूर्तींना पाच न्यायमूर्तींचा निकाल बदलता येत नाही. तरीही हा निकाल पुढे तेरा वर्षे दाखला म्हणून वापरला गेला. रावजी खटल्यातील दोषीला १९९६ मध्ये फासावर चढवण्यात आले.

नाशिकच्या सहा जणांना २००९ मध्ये फाशी देताना हाच दाखला वापरला गेला.

त्यानंतर अवघ्या तेरा दिवसांनी, १३ मे २००९ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने पुण्यातील एका अपहरण-खुनाचा निकाल दिला. कायद्याच्या जगात तो ‘बरियार निकाल’ म्हणून ओळखला जातो. त्या प्रकरणात खंडणीसाठी एका तरुणाचे अपहरण झाले होते, त्याचा खून करून मृतदेहाचे तुकडे करण्यात आले होते. क्रूरतेच्या फूटपट्टीने हे प्रकरण सहज फाशीत बसले असते. पण न्या. एस. बी. सिन्हा यांच्या पीठाने जन्मठेप दिली. मुख्य पुरावा माफीच्या साक्षीदाराचा होता, आरोपी धंदेवाईक खुनी नव्हते आणि ते सुधारू शकत नाहीत असे सरकारने काहीही दाखवले नव्हते. याच निकालात न्यायालयाने रावजीचा दाखला बंधनकारक कायदा विचारात न घेता दिलेला म्हणून चुकीचा ठरवला आणि त्यावर विसंबलेल्या अन्य निकालांकडेही बोट दाखवले. एकाच न्यायालयात तेरा दिवसांच्या अंतराने दोन पीठे दोन वेगळे प्रश्न विचारत होती. एक विचारत होते, गुन्हा किती भयंकर? दुसरे विचारत होते, या माणसाचे काय? कोणाचा खटला कोणत्या पीठासमोर लागला, यावर जीव अवलंबून होता.

२०१२ मध्ये १४ निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्र लिहून, चुकीच्या दाखल्यावर फाशी झालेल्या १३ जणांची शिक्षा जन्मठेपेत बदलावी, अशी विनंती केली. न्यायाधीश अशी पत्रे सहसा लिहीत नाहीत.

नाशिकच्या सहा जणांचे पुढे काय झाले?

त्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे सिद्ध झाले. अल्पवयीनाला फाशी देताच येत नाही. म्हणजे सत्र न्यायालय, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय अशा तीन पायऱ्यांवर शिक्षा ठरवताना आरोपीचे वय ही पहिली, सर्वात साधी सौम्य करणारी बाब कोणी नीट तपासली नव्हती. यादीतली बाकीची मग कशी तपासली जाणार?

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपला २००९ चा निकाल मागे घेतला आणि अपिले पुन्हा ऐकायला घेतली. तेव्हा रेकॉर्डमधून जे बाहेर आले ते अस्वस्थ करणारे आहे. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी महिलेने घटनेनंतर लगेच पोलिसांकडील गुन्हेगारांच्या छायाचित्रांतून चार जणांना ओळखले होते. ते चार जण या सहांपैकी नव्हते. त्या चौघांचे पुढे काय केले, याचे समाधानकारक उत्तर सरकारी पक्षाकडे नव्हते आणि ती ओळख खटल्यात पुढे आणलीच गेली नव्हती. न्यायालयाने तपासावर कडक ताशेरे ओढले. आरोपी भटक्या समाजातील अत्यंत गरीब मजूर आहेत, त्यांना खोटे गुंतवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असे नोंदवले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आणि दोषी अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला. तोवर तुरुंगात जवळपास सोळा वर्षे गेली होती.

आणि ज्या कुटुंबातली पाच माणसे मेली, त्यांना काय मिळाले? खरे मारेकरी कोण हे त्यांना आजही सांगता येत नाही. फाशीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी, असे मला वाटते. घाईने, संतापाने दिलेली फाशी पीडितांच्या बाजूने असतेच असे नाही.

इथे एक तांत्रिक वाटणारा पण कळीचा मुद्दा आहे. ‘वाजवी संशयापलीकडे’ दोष सिद्ध झाला म्हणजे शंभर टक्के खात्री झाली, असे नाही. दोन्हींच्या मध्ये थोडी फट राहते. २०१९ मध्ये मध्य प्रदेशच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या ‘उरलेल्या संशया’ची दखल घेतली. दोष सिद्ध करायला पुरावा पुरेसा असेल, पण परत न घेता येणारी शिक्षा द्यायला तो पुरेसा आहेच असे नाही. गंमत अशी की गुन्हा जितका भीषण, तितका तपासावर आरोपी पकडण्याचा दबाव अधिक आणि न्यायाधीशावर शिक्षा देण्याचा दबावही अधिक. म्हणजे ज्या प्रकरणांत चुकीची शक्यता वाढते, नेमकी तीच प्रकरणे ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ म्हणून पुढे येतात.

शिक्षेची सुनावणी प्रत्यक्षात कशी होते?

दोष सिद्ध झाल्याचे सांगितले जाते. आरोपीला विचारतात, ‘शिक्षेबाबत काही म्हणायचे आहे?’ तो भांबावलेला असतो. वकील, बहुधा विधी सेवा प्राधिकरणाने नेमलेला, उभा राहून म्हणतो, आरोपी तरुण आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत, लहान मुले आहेत, हा पहिलाच गुन्हा आहे, दया दाखवावी. सरकारी वकील गुन्ह्याचे वर्णन पुन्हा करतात. अनेकदा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिक्षा सुनावली जाते. निकालपत्रात सौम्य करणाऱ्या बाबींचा परिच्छेद चार-पाच ओळींचा असतो आणि त्याचा शेवट ‘या बाबी गुन्ह्याच्या क्रूरतेपुढे टिकत नाहीत’ असा होतो.

आपण याला तराजू म्हणतो, पण विचार करा. एका पारड्यात पंचनामे, शवविच्छेदन अहवाल, छायाचित्रे, साक्षीदार असा महिनोन्महिने सरकारी खर्चाने जमवलेला ऐवज. दुसऱ्यात वकिलाचे एक वाक्य. आरोपी कोणत्या घरात वाढला, शाळा कधी सुटली, डोक्याला कधी मार बसला होता का, मानसिक आजाराचे उपचार झाले होते का, अटकेनंतरच्या वर्षांत तुरुंगात त्याचे वर्तन कसे आहे, यातले काहीच आपोआप फाइलमध्ये येत नाही. ते कोणीतरी गावात जाऊन, आईशी बोलून, शाळेचा दाखला आणि दवाखान्याचे कागद शोधून आणावे लागते. आणि आरोपी गरीब असेल तर ते आणणारा कोणी नसतो. २०१२ च्या संगीत निकालात सर्वोच्च न्यायालयाने तर ताळेबंदाच्या कल्पनेवरच शंका घेतली. गुन्हा आणि गुन्हेगार या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत, त्या एकमेकांतून वजा कशा करायच्या? हा आक्षेप मला पटतो. आईवडिलांच्या वार्धक्याचे वजन किती, आणि एका जखमेचे किती? खरे तर दोन टप्पे हवेत. गुन्हा फाशीचा विचार करण्याइतका गंभीर आहे का, हा पहिला. असेल, तरी या माणसासाठी जन्मठेप खरोखरच निरुपयोगी आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला वापरता कामा नये.

मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात न्या. उदय लळित यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हे रिकामे पारडे भरायची पद्धत घालून दिली. सरकारने खटल्याच्या टप्प्यावरच आरोपीचे मानसशास्त्रीय मूल्यमापन न्यायालयापुढे ठेवायचे. वय, बालपण, शिक्षण, कुटुंबाची स्थिती, रोजगार, पूर्वीचे गुन्हे, मानसिक आजार यांची माहिती ठरावीक मुदतीत द्यायची. तुरुंगातील वर्तन, काम आणि शिक्षण यांचा ताजा अहवाल मागवायचा. आरोपीलाही आपल्या बाजूचे साहित्य आणायला संधी द्यायची. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, शिक्षेच्या सुनावणीला खरा आणि पुरेसा वेळ कसा द्यायचा, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे सोपवला.

‘त्याने दया दाखवली होती का?’

प्रत्येक फाशीच्या चर्चेत हा प्रश्न येतो आणि तो पोटातून येतो, म्हणून त्याला हसण्यावारी नेता येणार नाही. लहान मुलीवर अत्याचार करून तिला मारणाऱ्याचे बालपण कशाला ऐकायचे? उत्तर असे की बालपण ऐकल्याने त्याचा गुन्हा माफ होत नाही. तो दोषीच राहतो, तुरुंगातच राहतो. प्रश्न फक्त जन्मठेप की फाशी एवढाच असतो.

‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे आणि मग सुटका’ ही समजूत मात्र या चर्चेला फार बिघडवते. खुनाच्या जन्मठेपेत चौदा वर्षांनंतर सरकार शिक्षेत सूट देऊ शकते, द्यावीच लागते असे नाही. शिवाय २००८ च्या स्वामी श्रद्धानंद निकालापासून सर्वोच्च न्यायालयाने मधला मार्ग काढला आहे: वीस, पंचवीस, तीस वर्षे किंवा मरेपर्यंत, सूट न देता तुरुंग. २०१५ मध्ये घटनापीठाने तो उचलून धरला, पण अशी शिक्षा द्यायचा अधिकार उच्च आणि सर्वोच्च न्यायालयापुरताच ठेवला. खुनाच्या साध्या खटल्यात सत्र न्यायाधीशापुढे मात्र साधी जन्मठेप किंवा फाशी एवढेच पर्याय राहतात. चौदा वर्षांची धास्ती मनात असलेला न्यायाधीश मग फाशीकडे झुकतो आणि वरचे न्यायालय ती कमी करील, असे गृहीत धरतो, असा माझा अंदाज आहे. तो मधला पर्याय खालच्या न्यायालयांना कायद्यानेच दिला, तर अनेक फाशी मुळातच सुनावल्या जाणार नाहीत.

पुढच्या वेळी मोबाइलवर ‘नराधमाला फाशी’ असा मथळा आला, तर निकालाबद्दल तीन गोष्टी शोधून पाहा. दोष ठरल्यावर आणि शिक्षा सुनावण्याच्या आधी किती दिवस गेले? आरोपीबद्दलचा अहवाल न्यायालयाने मागवला होता का? आणि तो सुधारू शकत नाही हे दाखवायला सरकारने काय पुरावा दिला? तिन्हींची उत्तरे नकारार्थी असतील, तर तो निकाल उच्च न्यायालयात टिकण्याची शक्यता कमी आहे, आणि पीडितांच्या कुटुंबाची आणखी काही वर्षे कोर्टाच्या पायऱ्यांवर जाणार आहेत. सत्र न्यायालयाची कोणतीही फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये हा धागा नागपूरपर्यंत आला. २००८ मधील एका चार वर्षांच्या मुलीच्या खुनात फाशी झालेल्या दोषीचे अपील २०१४ मध्ये आणि पुनर्विचार याचिका २०१७ मध्ये फेटाळली गेली होती. म्हणजे रूढ अर्थाने सगळे मार्ग संपले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटले की, मनोज निकालातील पद्धत पाळली गेली नसेल, तर घटनेच्या अनुच्छेद ३२ खाली शिक्षेचा प्रश्न पुन्हा उघडता येईल. दोष कायम राहील, फक्त शिक्षेवर नव्याने सुनावणी होईल. प्रत्येक जुने प्रकरण असे उघडता येणार नाही, पद्धतीचा भंग स्पष्ट आणि गंभीर असला पाहिजे, असेही पीठाने बजावले. फाशीच्या कोठडीत असलेल्या इतरांपैकी किती जणांच्या फाइलमध्ये ते दुसरे पारडे कधी भरलेच गेले नव्हते, हे आता एकेक फाइल उघडूनच कळेल.